बॅबिलोनचा बंदिवास आणि ग्रंथनिष्ठ यहुदी धर्माची घडण

इ.स.पू. 597 मध्ये बॅबिलोनचा राजा दुसरा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला दरबारी, याजक व कारागिरांसह पाडाव करून नेले. सुमारे दहा वर्षांनी, 587 किंवा 586 मध्ये, शहर पुन्हा पडले. या वेळी मंदिरही जाळले गेले. 539 मध्ये पर्शियाचा राजा सायरस याने बॅबिलोन जिंकल्यावर परतीची वाट मोकळी झाली आणि 515 मध्ये यरुशलेमात नवे मंदिर उभे राहिले. या मधल्या काळाला बॅबिलोनचा बंदिवास म्हणतात.

नेलेल्यांची संख्या मोठी नव्हती. बायबलमधल्या ‘राजे’ या ग्रंथात पहिल्या खेपेलाच 10,000 माणसे नेल्याचे म्हटले आहे, तर ‘यिर्मया’च्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांची बेरीज 4,600 येते. बहुसंख्य शेतकरी मागेच राहिले. गेले ते मुख्यतः राजघराणे, याजक, लेखनिक आणि कसबी लोक. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही निवड लक्षात ठेवावी लागते. लिहिता-वाचता येणारा वर्ग एकगठ्ठा परक्या मुलखात जाऊन पडला होता.

‘बंदिवास’ हा शब्द मात्र फसवा आहे. हे लोक तुरुंगात नव्हते. इराकमधील सुमारे 200 मृत्तिकापाट्यांत त्यांचे रोजचे व्यवहार नोंदलेले आहेत. त्यांतली सर्वांत जुनी पाटी 572 ची, सर्वांत अलीकडची 477 ची. त्यांत ‘आल-याहूदू’, म्हणजे यहूदाचे गाव, असे एका वसाहतीचे नाव येते. राजाने जमीन द्यायची आणि कसणाऱ्याने त्याबदली सारा व सेवा द्यायची, अशी तिथली पद्धत होती. रापायामाचा मुलगा अहीकाम याच्या घरचे व्यवहार या पाट्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. त्याच्या मुलांनी वडिलोपार्जित मालमत्ता वाटून घेतल्याचीही नोंद आहे. नावांतला ‘यामा’ किंवा ‘याहू’ हा भाग म्हणजे इस्राएलच्या देवाचेच नाव. एका पाटीवर सगळा मजकूर अक्कडी कीलाकार लिपीत आहे आणि कडेला शेलेम्या हे नाव जुन्या हिब्रू अक्षरांत कोरलेले आहे. नवी लिपी सरकारदरबारासाठी, जुनी आपल्या माणसासाठी, हे त्या एका पाटीत दिसते.

एकत्र वस्तीमुळे हे लोक टिकले. 722 च्या सुमारास अश्शुरांनी उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातले लोक दूरदूर विखरून टाकले आणि त्यांचा स्वतंत्र समाज उरला नाही. बॅबिलोनने मात्र एका गावचे लोक एका ठिकाणी वसवले. तरीही मंदिर नसताना देवाची उपासना कशी करायची, हा प्रश्न उरलाच.

सोपा मार्ग होता तो दुसरे मंदिर बांधण्याचा. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांनी तेच केले. तिथे याहूचे मंदिर होते आणि त्यात होमबली होत असत. इजिप्शियन पुरोहितांच्या चिथावणीने 410 मध्ये ते पाडले गेले, तेव्हा ते पुन्हा बांधू द्यावे म्हणून त्यांनी पर्शियन अधिकाऱ्याला अर्ज केला. त्यांचे बरेच कागद आज हाती आहेत. त्यांत मोशेचे नाव नाही, तोराचा, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा, उल्लेख नाही. म्हणजे परदेशी राहिले की धर्म आपोआप ग्रंथाकडे वळतो, असे म्हणता येत नाही. बॅबिलोनला गेलेल्या याजक-लेखनिकांजवळ मात्र यहूदाचा राजा योशीया याने यज्ञ एकाच ठिकाणी आणण्यासाठी केलेल्या सुधारणेचा (622) वारसा होता. देवाने निवडलेल्या एकाच ठिकाणी यज्ञ करावा, असे ‘अनुवाद’ या ग्रंथातला नियम सांगतो. ते ठिकाण यरुशलेम, आणि ते तर जळाले होते. दुसरी वेदी बांधली तर नियम मोडतो. न बांधावी तर यज्ञच नाही. ग्रंथाला वजन आले ते या कोंडीतून, असे मानणे मला सर्वांत सयुक्तिक वाटते.

मग जागेवर न अवलंबणाऱ्या आचारांना महत्त्व आले. शब्बाथ हा त्यातला पहिला. सातवा दिवस कुठेही पाळता येतो; त्याला वेदी लागत नाही, याजक लागत नाही. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या कथेत देव सातव्या दिवशी विसावतो आणि तो दिवस पवित्र करतो. त्या कथेत मंदिर नाही, पवित्र आहे तो काळ. सुंता यहूदात जुनीच होती आणि शेजाऱ्यांतही चालत असे, पण बॅबिलोनी लोक सुंता करत नसत. तिथे ती ओळखीची खूण बनली. या आचारांची चिकाटी आपल्याकडेही दिसते: कोकणातले बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जात. त्यांच्याजवळ तोराची गुंडाळी उरली नव्हती, पण शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ प्रार्थना उरली होती.

नियमग्रंथ बंदिवासात पहिल्यांदा लिहिले गेले, असे नव्हे. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथे सापडलेल्या चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्यांवर याजकांच्या आशीर्वादाचे शब्द आहेत, आणि त्या साधारणपणे बंदिवासाच्या आधीच्या मानल्या जातात. बदलला तो लिखिताचा उपयोग. पूर्वी याजकाने काय करावे याची ती टिपणे होती. आता साऱ्या समाजाने ऐकावे व पाळावे असा तो नियम झाला. ‘नहेम्या’च्या आठव्या अध्यायात याचे चित्र आहे. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहतो आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पुरुष, स्त्रिया, समज आलेली मुले सगळी उभी आहेत. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमावात फिरून अर्थ फोड करून सांगतात. हे मंदिराच्या अंगणात नव्हे, वेशीजवळ घडते. एज्रा स्वतः बॅबिलोनहून आलेला होता.

लिखित नियम सर्वांना बंधनकारक झाला की त्यातली विसंगती अडचणीची होते. वल्हांडण, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या आठवणीचा सण, याचेच पाहा. ‘निर्गम’ सांगतो की कोकरू पाण्यात शिजवू नये, विस्तवावर भाजावे. ‘अनुवाद’मध्ये त्याच कोकरासाठी जे हिब्रू क्रियापद आहे त्याचा नेहमीचा अर्थ पाण्यात शिजवणे. दोन्ही ग्रंथ मोशेचे, म्हणून एकालाही खोटे म्हणता येत नाही. बंदिवासानंतर लिहिलेल्या ‘इतिहास’ या ग्रंथात योशीयाच्या वल्हांडणाचे वर्णन करताना लेखक म्हणतो की त्यांनी ते ‘विस्तवावर शिजवले’. एका ग्रंथातले क्रियापद आणि दुसऱ्यातला विस्तव त्याने एका वाक्यात बसवले. शास्त्राने शास्त्राचा अर्थ लावायची ही रीत पुढे यहुदी धर्माचा मुख्य उद्योग झाली.

बॅबिलोनमधल्या खबार कालव्याकाठी राहणारा याजक यहेज्केल याचा ग्रंथ या बाबतीत सर्वांत त्रासदायक ठरला. भावी मंदिरासाठी तो अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी एक गोऱ्हा, सहा कोकरे आणि एक मेंढा सांगतो. ‘गणना’ त्याच दिवसासाठी दोन गोऱ्हे, एक मेंढा आणि सात कोकरे सांगते. तो लिहीत होता तेव्हा नियमांचा अंतिम पाठ अजून ठरलेला नव्हता, याचा हा चांगला पुरावा आहे. यहुदी गुरूंच्या चर्चांचा संग्रह असलेले तालमूद सांगते की हा ग्रंथ बाजूला ठेवण्याची वेळ आली होती, तेव्हा हनन्या बेन हिज्कीया हा पंडित माडीवर बसला, दिव्यासाठी त्याला तेलाचे 300 रांजण पोचवले गेले, आणि एकेक विसंगती सोडवल्यावरच तो खाली उतरला.