पोर्ट्रेट छपाईसाठी मॅट आणि ग्लॉसी कागदाची निवड

रिटच केलेले पोर्ट्रेट कोणत्या पृष्ठभागाच्या कागदावर छापायचे, हे ठरवण्याची पद्धत. ठाणे-नवी मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये हा प्रश्न बहुधा त्वचेवरून सोडवला जातो: मॅटवर चेहरा मऊ दिसतो, ग्लॉसीवर चकचकतो, मग गिऱ्हाइकाला काय आवडते ते विचारायचे. हे अर्धेच खरे आहे. कागद बदलला की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बदलतात त्या सावल्या. केसांचा काळेपणा, हनुवटीखालचा अंधार, गडद पार्श्वभूमी यांत आधी फरक पडतो आणि त्वचेचा बदल बराचसा त्यातूनच येतो. त्यामुळे कागद आधी ठरवावा आणि रिटचिंगचा शेवटचा हात त्या कागदासाठी फिरवावा.

काळा रंग कुठे जातो

कोणत्याही कागदावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग शाईपर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या पृष्ठभागावरून परततो. ग्लॉसी कागद आरशासारखा सपाट असल्याने हा प्रकाश एकाच दिशेने जातो. प्रिंट जरा तिरकी धरली की तो डोळ्यांवर येत नाही आणि खालचा काळा खरा काळा दिसतो. मॅट कागदाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. तिथे हाच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि प्रिंट कशीही धरली तरी त्यातला काही डोळ्यात येतोच. काळ्यावर जणू पातळ राखाडी धुके बसते.

हा फरक घनतेच्या आकड्यात मोजतात. चांगल्या ग्लॉसी इंकजेट कागदावर सर्वांत गडद काळ्याची घनता साधारण 2.3 मिळते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 0.5 टक्के परत येतो. सुती मॅट कागदावर ती 1.6 च्या आसपास राहते, म्हणजे 2.5 टक्के परत येतो. कागदाचा पांढरा दोन्हीकडे 90 टक्क्यांच्या आसपास धरला, तर ग्लॉसीवर पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर 180 ला 1 आणि मॅटवर 36 ला 1 पडते. उजळ गालावर दोन टक्के प्रकाश वाढला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच दोन टक्के अर्ध्या टक्क्याच्या काळ्यात मिसळले की तो पाचपट उजळतो. मॅटचा परिणाम सावलीत एवढा आणि उजेडात जवळजवळ नाही, याचे कारण हेच.

इथे एक घोळ नेहमी होतो. लॅबच्या रासायनिक कागदाला जे ‘मॅट’ म्हणतात ते बहुतेकदा बारीक दाण्याचे अर्धमॅट असते. कोडॅकच्या एंड्युरा मालिकेत एफ म्हणजे ग्लॉसी, एन म्हणजे अर्धमॅट आणि ई म्हणजे लस्टर. या कागदांवर काळा बऱ्यापैकी टिकतो. खरा, कापसाच्या लगद्याचा मॅट इंकजेट कागद ही वेगळी गोष्ट आहे. नुसते ‘मॅटवर काढा’ असे सांगितले तर दोन दुकानांतून दोन निराळी पोर्ट्रेट हाती येतील. म्हणून नमुना हातात घेऊन, उजेडात तिरका धरून पाहावा. प्रतिबिंब अजिबात दिसत नसेल तर तो खरा मॅट.

त्वचेवर काय दिसते

ग्लॉसी रिटचिंगला माफ करत नाही. कपाळावरचा डाग पुसताना शेजारचाच तुकडा दोनदा डकवला असेल तर तिथली छिद्रे सारखीच दिसतात. वारंवारता वेगळी करून, म्हणजे बारीक पोत आणि रंग दोन थरांत पाडून, खालचा रंगाचा थर जास्त धूसर केला असेल तर गाल मेणाचा वाटतो. भुवयांभोवती धार लावताना उमटलेली पांढरी कड पडद्यावर दिसत नाही, ग्लॉसीवर चटकन दिसते. रंगही जरा जास्त भरतात. हळदीनंतर काढलेल्या फोटोत नाकाच्या कडेला उरलेली पिवळसर छटा आणि गालांवरची लाली ग्लॉसीवर अधिक बोलते.

मॅट याच्या उलट वागतो. शाई तंतूंत थोडी पसरते, बारीक पोत विरतो आणि छोट्या चुका झाकल्या जातात. पण चांगले रिटचिंगही झाकले जाते. जपून ठेवलेली छिद्रे गायब होतात आणि चेहरा सपाट, किंचित धुरकट वाटतो. म्हणून मॅटसाठी पोताचा थर ग्लॉसीपेक्षा जास्त राखावा आणि छपाईची धारही जास्त द्यावी. लाइटरूममध्ये फाइल काढताना Sharpen For खाली Matte Paper आणि Glossy Paper असे वेगळे पर्याय असतात ते यासाठीच.

ग्लॉसीवरचा आणखी एक दोष ओळखायला शिकावे. नाकाच्या शेंड्यावरची चमक फाइलमध्ये 255 पर्यंत, म्हणजे पूर्ण पांढऱ्यापर्यंत गेली असेल, तर पिगमेंट इंकजेट तिथे शाईच टाकत नाही. आजूबाजूला शाईची चकाकी आणि मध्ये कोऱ्या कागदाचा निस्तेज ठिपका, असे तिरक्या उजेडात दिसते. चमक 248-250 वर आणून ठेवली की तिथे थोडी शाई पडते आणि ठिपका जातो. रासायनिक छपाईत हा दोष नसतो.

एक उदाहरण

घोडबंदर रोडवरच्या एका घरासाठी नवरीचे 16 × 24 इंचाचे पोर्ट्रेट समजू. डावीकडून खिडकीचा उजेड, उजवा गाल सावलीत, मागे गडद तपकिरी पडदा, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा या क्रमाने उजळ गाल 205, 160, 130 आहे, सावलीतला गाल 55, 38, 30. केस 12 ते 20 च्या दरम्यान आणि पडदा 10 च्या आसपास.

ही फाइल ग्लॉसीवर जशीच्या तशी छापली तर केसांच्या बटा सुट्या दिसतात आणि डोक्याची कडा पडद्यापासून वेगळी राहते. तीच सुती मॅटवर छापली की 20 च्या खालचे सगळे एकाच राखाडी-काळ्यात जाते. उजवीकडे डोके कुठे संपते ते कळत नाही आणि गजरा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. सावलीतला गाल मात्र टिकतो, फक्त मातकट होतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे Curves मध्ये काळ्याचे टोकच 0 वरून 10 वर उचलणे. तो करू नये. मॅटकडे आधीच काळ्याची तूट आहे. टोक उचलले की उरलेला काळाही हातचा जातो आणि सगळे पोर्ट्रेट धुपाच्या धुरातून पाहिल्यासारखे होते. शून्य शून्यावरच ठेवावे, 15 ला 24 वर आणि 40 ला 47 वर न्यावे आणि 80 च्या पुढची रेषा हलवू नये. त्यामुळे अगदी काळे जागेवर राहते आणि केसांतला फरक वर, कागदाला दाखवता येईल अशा भागात येतो. मग डोक्यामागचा पडदा मऊ ब्रशने दहा-बारा पायऱ्या उजळावा. केसांची कडा सुटते ती याने. केस स्वतः आणखी उजळत बसण्यापेक्षा हे बरे, कारण उजळलेले काळे केस मॅटवर पिकलेले दिसतात. सावलीतल्या गालाचा मातकटपणा जाण्यासाठी तेवढ्याच भागात लाल किंचित वाढवावा. सर्व चेहऱ्यावर वाढवला तर उजळ गाल भाजल्यासारखा होतो.

हे पडद्यावर आधी पाहता येते. लॅबकडून किंवा कागद बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून त्या कागदाचे प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, घ्यावे. फोटोशॉपमध्ये View → Proof Setup → Custom उघडून ते निवडावे आणि Simulate Paper Color वर खूण करावी. चित्र एकदम फिके पडते आणि पाहणारा दचकतो. ती खूण करताना क्षणभर नजर बाजूला ठेवावी, म्हणजे डोळा आधीच्या चित्राशी तुलना करत नाही. मग सावल्यांकडे पाहावे. प्रोफाइल आणि कागद जुळले पाहिजेत. ग्लॉसीचे प्रोफाइल लावून मॅटवर छापले तर शाई गरजेपेक्षा जास्त पडते आणि सावल्या बुजतात. शाईचेही तसेच आहे: मॅट ब्लॅक शाई ग्लॉसीवर धरत नाही, बोट फिरवले की निघते, आणि फोटो ब्लॅक शाई मॅटवर फिकी पडते.

चाचणी प्रिंट

पूर्ण चित्र लहान करून काढलेली चाचणी कामाची नाही, कारण पोत आणि धार आकाराबरोबर बदलतात. मूळ आकारातल्या फाइलमधून 4 × 6 इंचाचे दोन तुकडे कापावेत: एक डोळ्यापासून गालापर्यंतचा, दुसरा केस आणि पडदा मिळतात तिथला. दोन्ही तुकडे दोन्ही कागदांवर काढावेत आणि लॅबला स्वयंचलित करेक्शन बंद ठेवायला सांगावे. नाहीतर मशीन काळा पडदा पाहून सगळे उजळते आणि चाचणी कागदाची न होता मशीनची होते. लॅमिनेशन करायचे असेल तर चाचणीवरही करून घ्यावे. ग्लॉसी प्रिंटवर मॅट लॅमिनेशन चढवले की वरचा पृष्ठभाग मॅट होतो आणि काळाही त्याप्रमाणे उतरतो. अल्बमच्या पानांवर हे हमखास घडते. रासायनिक प्रिंट लगेच तपासता येते, इंकजेटला मात्र एक दिवस सुकू द्यावे.

तपासायचे ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, चित्र लागणार त्या भिंतीवर. उंच इमारतीतल्या दिवाणखान्यात समोर मोठी खिडकी असते. ग्लॉसी तिच्यासमोर लावला तर काळ्या केसांवर खिडकीची चौकट उमटते आणि तिथे काळा मॅटपेक्षाही वाईट दिसतो. खिडकी बाजूच्या भिंतीला असेल तर ग्लॉसी किंवा लस्टर निर्धास्त चालतो. समोर असेल तर मॅट घ्यावा, पण साध्या काचेमागे नाही. काच स्वतःचे प्रतिबिंब आणते आणि मॅटचा उणा काळा तसाच राहतो, म्हणजे दोन्हींचे तोटे एकाच चौकटीत. प्रतिबिंबरोधक काच लावावी किंवा मॅट उघडाच ठेवावा. उघड्या मॅटला मात्र बोट लावू नये. गडद भागावर घासल्याची पांढरट रेघ पडते आणि ती पुसून जात नाही.

पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेत ग्लॉसी रासायनिक प्रिंटचा जिलेटिनचा थर नरम होतो. काचेला टेकलेली असेल तर ती तिला चिकटते. सोडवायला गेले की चेहऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो. फ्रेम करणाऱ्याला माउंट किंवा पट्टी घालून काच आणि प्रिंटमध्ये दोन-तीन मिलिमीटरचे अंतर ठेवायला सांगावे. चिकटलेली जागा आधी ओळखता येते: काच तिरकी करून पाहिली की तिथे ओला असल्यासारखा गडद डाग दिसतो. अशी प्रिंट ओढू नये, काचेसकट स्कॅन करून नवी काढावी.