पंचायत समितीतील जुने लेखापरीक्षण शक कसे वगळून घ्यायचे: अनुपालन आणि कागदपत्रे

पंचायत समितीच्या हिशोबांवर एकापेक्षा जास्त तपासण्या चालतात. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाची अंतर्गत तपासणी असते, महालेखापालांची असते आणि 1930 च्या कायद्याखाली होणारी स्थानिक निधी लेखापरीक्षा असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेले शक, म्हणजे तपासणीत निघालेले आक्षेप, बहुतेक या शेवटच्या तपासणीतले असतात, म्हणून इथे फक्त त्यांचाच विचार केला आहे. विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचा दौरा लागला किंवा कोणाचा निवृत्तीचा प्रस्ताव निघाला की या प्रलंबित शकांची यादी अचानक सगळ्यांना आठवते. तोवर ती लेखा शाखेच्या कपाटात असते.

आधी ताळमेळ, मग उत्तर

पहिले काम उत्तर लिहिण्याचे नाही. आपल्याकडची प्रलंबित शकांची यादी आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडची यादी समोरासमोर ठेवायची. या दोन्ही याद्या क्वचितच जुळतात. एखादा शक पूर्वीच्या पत्राने वगळलेला असतो, पण ते पत्र दुसऱ्याच धारिकेत लागलेले असते आणि आपल्या नोंदवहीत खूण झालेली नसते. कधी रक्कम अंशतः मान्य झालेली असते, तरी आपण पूर्ण रक्कम दाखवत राहतो. जुनी आवक-जावक नोंदवही चाळली तर यातले काही शक नवे उत्तर न देताच कमी होतात.

उरलेल्या शकांची प्रतवारी करा. कागद तपासणीला दाखवला नाही म्हणून निघालेले शक तो कागद सापडताच सुटतात. वसुलीचे शक पैसे भरल्याचा पुरावा दिल्यावर सुटतात. मंजुरीविना झालेल्या खर्चाला सक्षम प्राधिकाऱ्याची कार्योत्तर मंजुरी लागते, आणि ती गटविकास अधिकाऱ्यांच्या अधिकारात नसेल तर प्रस्ताव वर पाठवावाच लागतो. अपहाराचा शक मात्र नुसत्या अनुपालनाने, म्हणजे पुराव्यासह दिलेल्या लेखी उत्तराने, वगळला जात नाही. तिथे वसुली, चौकशी आणि जबाबदारी निश्चिती यांचे आदेश जोडावे लागतात. म्हणून असे शक बाकीच्या गठ्ठ्यात मिसळू नका.

एक शक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक नमुना घेऊ. यातल्या रकमा समजण्यासाठी धरल्या आहेत. शक असा आहे: “बांधकामाच्या तीन देयकांतून 1 टक्का कामगार कल्याण उपकर कपात करून मंडळाकडे भरणा केल्याचे दिसून येत नाही. वसूलपात्र रक्कम रु. 19,000.” कामे तीन आहेत: शाळाखोली 8,30,000, स्मशानशेड 4,50,000 आणि गटार 6,20,000. सगळ्या कामांना मिळून एकच उत्तर लिहायला बसलात की घोळ होतो. प्रत्येक काम वेगळे काढा, त्याचे प्रमाणक, मोजमाप पुस्तिकेचे पान आणि रोकडवहीची नोंद समोर घ्या.

शाळाखोलीच्या देयकावर 8,300 ची कपात दिसते. म्हणजे पैसे कापले होते, फक्त प्रमाणकाला भरण्याचा पुरावा जोडलेला नव्हता. मात्र कपात झाली म्हणजे भरणा झाला असे धरून चालू नका. कापलेले पैसे अनामतीतच पडून राहिल्याचे प्रकार होतात. अनामत नोंदवहीतली जमा-खर्चाची नोंद, मंडळाकडे पाठवल्याचे पत्र आणि बँकेच्या उताऱ्यातली खर्ची रक्कम या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच उत्तर पक्के. रक्कम तशीच पडून असेल तर आधी भरा आणि भरल्याची पावती घेऊन मगच उत्तर द्या.

स्मशानशेडच्या देयकातून कपातच झालेली नाही, पण ठेकेदाराची सुरक्षा अनामत अजून परत केलेली नाही. त्याला लेखी कळवून त्यातून 4,500 वळते करता येतात. अनुपालनाला हे पत्र, वळते केल्याची नोंद आणि मंडळाकडच्या भरण्याची पावती जोडा.

गटाराचे काम अडते. अनामत परत गेलेली आहे आणि त्या ठेकेदाराचे नवे काम इथे नाही. नोटीस पाठवा, पोच जपा, इतर विभागांकडे त्याचे देयक बाकी आहे का ते पत्राने विचारा. तरीही वसूल झाले नाहीत तर कपात न करता देयक पारित करणाऱ्यांची जबाबदारी ठरवण्याचा प्रश्न येतो, आणि तो निर्णय वरिष्ठांचा असतो. हे 6,200 “वसुलीची कार्यवाही सुरू” असे प्रामाणिकपणे दाखवा. तपासणीत 12,800 मान्य होऊन शक 6,200 पुरता उरतो. यात काही कमीपणा नाही. उलट पूर्ण 19,000 ची पूर्तता झाली असे लिहून 12,800 चेच कागद जोडले तर सगळाच शक परत येण्याचा धोका असतो.

अनुपालनाचा मजकूर

प्रपत्रात सहसा शकाचा मजकूर, कार्यालयाचे अनुपालन, जोडलेला पुरावा आणि तपासणीचा अभिप्राय असे रकाने असतात. शकाचा मजकूर अहवालातून जसाच्या तसा घ्या, संक्षेप करू नका. उत्तर असे असावे: “शाळाखोलीच्या देयकातून रु. 8,300 कपात केली असून ती अमुक दिनांकास मंडळाकडे भरली आहे. देयक, अनामत नोंदवही व बँक उताऱ्याच्या साक्षांकित प्रती पान 3 ते 6 वर जोडल्या आहेत. सबब या रकमेपुरता शक वगळण्यात यावा.” तपासणाऱ्याला पाने शोधत बसावे लागू नये, म्हणून पानांना क्रमांक द्या आणि उत्तरात ते लिहा.

“नोंद घेतली”, “यापुढे दक्षता घेण्यात येईल”, “तत्कालीन कर्मचारी बदलून गेले आहेत” ही वाक्ये दरवर्षी पाठवली जातात आणि दरवर्षी तशीच परत येतात. शकाने जे विचारले त्याचे उत्तर त्यांत नसते. तत्कालीन कर्मचारी गेले तरी अनुपालन द्यायचे ते आज खुर्चीवर असलेल्यांनीच. फार तर माहितीसाठी त्यांना पत्र पाठवा.

मूळ प्रमाणकच सापडत नसेल तर अभिलेख कक्षातली वर्गवारीची आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी आधी बघा. नंतर बँकेकडून उतारा मागवा, पुरवठादाराकडून त्याच्या बिलाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती दुय्यम पुरावा आहे असे स्पष्ट लिहा. जुन्या तारखेचे कागद आज तयार करून घालायचा सल्ला कोणी दिलाच तर ऐकू नका. साठा नोंदवहीत दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली नोंद किंवा त्या काळी वापरात नसलेला शिक्का तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि साधा शक गंभीर होऊन बसतो.

पाठवणे आणि पाठपुरावा

गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीचे अनुपालन जिल्हा परिषदेच्या वित्त विभागामार्फत, छाननी होऊन, लेखापरीक्षा कार्यालयाकडे जाते. किती प्रती लागतात ते आधी विचारून घ्या. अनुपालन शिबिर लागले तर मूळ नोंदवह्या सोबत न्या, कारण साक्षांकित प्रत मूळ कागदाशी पडताळून पाहिली जाते. तोंडी “हो, झाले” यावर विसंबू नका. वगळल्याचे लेखी पत्र आले की त्याचा क्रमांक-दिनांक आक्षेप नोंदवहीत आणि मूळ अहवालाच्या प्रतीवर त्या शकासमोर लिहा. उरलेले 6,200 पुढच्या यादीत नव्या रकमेने दाखवा आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीतही त्याच रकमेने घाला.