गार पाणी लागलं की दातात सणक जाते? सिमेंट भरायच्या आधी हे वाचा

उन्हाळा लागला की क्लिनिकमध्ये रोज कुणीतरी हेच विचारतं, डॉक्टर, माठातलं पाणीसुद्धा पिता येत नाही, एका बाजूला सणकन कळ जाते, नस उघडी पडलीय का, रूट कॅनल करावं लागेल का, नाहीतर आजच्या आज सिमेंट तरी भरून द्या. प्रत्येकाला खुर्चीवर बसवून हे सगळं समजावताना वेळ जातो आणि बाहेर बसलेले पेशंट वैतागतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. घरी निवांत वाचा आणि मग या.

आधी नसेचं बघू. बहुतेकांच्या बाबतीत नस उघडी पडलेली नसते. दाताचा जो भाग तोंडात दिसतो त्यावर इनॅमलचं कडक आवरण असतं, चावायच्या टोकाला ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येता येता पातळ होत जातं. हिरडीच्या खाली मूळ सुरू होतं, तिथे इनॅमल नसतंच, सिमेंटम नावाचा एक थर असतो आणि वरच्या बाजूला तो कागदापेक्षाही पातळ असतो. हिरडी जागेवर असेपर्यंत तिच्याखाली तो झाकलेला राहतो. हिरडी खाली सरकली की तो उघडा पडतो आणि ब्रशच्या घासण्याने थोड्याच दिवसांत निघून जातो, मग खालचं पिवळसर डेंटिन दिसायला लागतं.

या डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो, आणि त्या बाहेरून थेट आत नसेपर्यंत जातात. त्यांच्यात पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. वरचं तोंड झाकलेलं असेल तर तो द्रव जागेवर स्थिर राहतो, पण तोंड उघडं असताना गार पाणी लागलं की तो झटक्यात हलतो आणि नळीच्या आतल्या टोकाशी बसलेल्या नसेच्या धाग्यांना ओढ बसते. ती ओढ म्हणजे तुमची सणक. म्हणूनच गार पाण्याने होतं तसंच थंड हवा आत ओढली तरी होतं, गोड किंवा आंबट लागलं तरी होतं, आणि ब्रशचा केस नेमका तिथे लागला तरी होतं. नस आत सुरक्षित असते, फक्त तिच्यापर्यंत जाणारी दारं उघडी राहिलेली असतात. तेव्हा आम्हाला करायचं असतं ते ही दारं बंद करण्याचं काम, आणि त्याला रूट कॅनल लागत नाही.

आता ती दारं उघडली कशी, आणि लोकांचा आणि आमचाही सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

आरशासमोर उभं राहून ओठ वर करून बघा. सुळा आणि त्याच्या मागच्या दोन छोट्या दाढा, हिरडीला लागून, बाहेरच्या बाजूने. तिथे नखाने हलकंच चाचपलं तर बऱ्याच जणांना आडवी खाच लागते, जुन्या वाड्याच्या पायरीला वर्षानुवर्षं पाय पडून मधे खळगा होतो ना तशी. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांची खाच बहुतेक वेळा डाव्या बाजूला जास्त खोल असते, कारण डावीकडून सुरुवात करायची सवय असते, तेव्हा ब्रशवर पेस्ट सगळी असते आणि हातात जोरही असतो. किडीमुळे असं होत नाही, कीड कुठल्या हाताने ब्रश करता ते बघून लागत नाही.

ही खाच आडवा ब्रश घासून पडते. कडक केसांचा ब्रश, त्यावर खरखरीत पावडर, काहींच्या घरात अजून मिश्री किंवा राखुंडी, हल्ली कोळशाची काळी पावडर, आणि हात आरीसारखा पुढेमागे. नुसता ब्रश तसा इनॅमलला फार काही करत नाही हो, पण आंबट खाल्ल्या-प्यायल्यानंतर लगेच घासलं की गोष्ट वेगळी होते. लिंबू, कोकम, चिंच, शीतपेयं, यातल्या आम्लाने दाताचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो, आणि त्या मऊ थरावर ब्रश फिरला की तो निघून जातो. लाळ तो थर हळूहळू परत पक्का करते पण त्याला वेळ लागतो, म्हणून आंबट झाल्यावर अर्धा-पाऊण तास तरी ब्रश नको. नुसत्या साध्या पाण्याने चूळ भरा, ते मात्र लगेच. ज्यांना पित्त घशाशी येतं त्यांनीही हेच करायचं.

तर चूक कुठली? ब्रश न बदलता सिमेंट भरून घेणं. लोक येतात, खाच भरून द्या म्हणतात, घाईत भरून घेतात, आणि दुसऱ्या दिवशीपासून तोच कडक ब्रश तसाच आडवा सुरू. मग काही महिन्यांत सिमेंटची कड उघडते नाहीतर सगळंच निघून पडतं आणि तक्रार येते की तुमचा माल चांगला नाही. दाताच्या मानेजवळची, म्हणजे हिरडीला लागूनची जागा मुळात अवघड असते, खाच उथळ असते, सिमेंटला धरायला फारसं काही नसतं, त्यावर रोज दोनदा आरी चालवली तर कुठलंही सिमेंट टिकणार नाही, कितीही महाग असलं तरी.

याचं उदाहरण म्हणून आमच्याकडे आलेल्या एका शाळेतल्या बाईंचं सांगतो, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. वरच्या डाव्या सुळ्याला आणि त्यामागच्या दाढेला गार पाणी अजिबात चालत नव्हतं, दुसरीकडे दोनदा सिमेंट भरून झालं होतं आणि दोन्ही वेळा पडलं होतं. भरणाऱ्याची त्यात चूक नव्हती, आधीचं काम नीटच दिसत होतं. आम्ही त्यांना घरचा ब्रश आणायला सांगितलं. ब्रशचे केस दोन्ही बाजूंना झाडूसारखे पसरलेले होते, आणि आमच्यासमोर करून दाखवताना त्यांनी तो मुठीत धरला. सकाळचं विचारल्यावर कळलं की वजनासाठी उठल्या उठल्या कोमट पाण्यात लिंबू, तेही घोट घोट करत पेपर वाचत, आणि संपलं की लगेच ब्रश. म्हणजे रोज सकाळी आधी थर मऊ करायचा आणि मग घासायचा.

तपासताना त्या दोन दातांवर हवेचा बारीक झोत सोडला, कळ आली, झोत बंद केला की तीही लगेच थांबली. एक्स-रेमध्ये कीड नव्हती, दातावर ठोकून दुखलं नाही. सुळ्याजवळ हिरडी साधारण तीन मिलिमीटर सरकलेली होती. त्या दिवशी सिमेंट भरलं नाही, फक्त फ्लोराइडचा लेप लावला आणि घरी करायचं सांगितलं. ब्रश आधी आणि लिंबूपाणी नंतर, तेही एका दमात पिऊन साध्या पाण्याने चूळ. मऊ ब्रश, पेनासारखा तीन बोटांत धरायचा, केस हिरडीकडे तिरके ठेवून छोटे छोटे गोल. सेन्सिटिव्ह पेस्ट सकाळी आणि रात्री, आणि रात्री झोपताना थोडी पेस्ट बोटाने त्या दोन जागी चोळून ठेवायची, थुंकायचं पण चूळ भरायची नाही. तिसऱ्या आठवड्यात माठातलं पाणी चालायला लागलं. सुळ्याची खाच खोल होती ती नंतर भरली, दाढेला काहीच करावं लागलं नाही.

सेन्सिटिव्ह पेस्टबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की दुखलं की लावायची आणि थांबलं की नेहमीची. ही पेनकिलर नाही. पाकिटावर पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं असेल तर त्यातलं पोटॅशियम नळ्यांमधून आत जाऊन नसेची संवेदना हळूहळू कमी करतं, आर्जिनिन किंवा स्टॅनस फ्लोराइड असेल तर नळ्यांची तोंडं बुजवायला मदत होते, पण काहीही असलं तरी रोज दोनदा, किमान दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिली तर उपयोग नाही. आणि घासून झाल्यावर खळखळून दहा चुळा भरल्या तर औषध बेसिनमध्येच गेलं.

मग आम्ही पहिल्या दिवशी सिमेंट का भरत नाही याचं उत्तर इथे आलंच. काहींना वाटतं टाळतोय किंवा फेऱ्या वाढवतोय. खाच खोल असेल, अन्न अडकत असेल किंवा दात कमजोर होत असेल तर आम्ही नक्की भरतो, शक्यतो ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट, ते डेंटिनला स्वतःहून धरून बसतं आणि फ्लोराइडही सोडतं. पण उथळ खाच असेल तर लेप आणि ब्रशची सवय यावरच काम होतं, तेव्हा उगाच दात कोरून जागा करायची आणि पैसे घ्यायचे हे आम्हाला पटत नाही. मऊ ब्रश आणि पेस्ट आमच्या काउंटरवर मिळतात, बाहेरून घेतलीत तरी काहीच हरकत नाही, फक्त पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेलं बघून घ्या.

क्लीनिंग केल्यावर गार लागायला लागलं, मशीनने दात झिजवले, असंही ऐकावं लागतं. ज्या मुळावर वर्षानुवर्षं दगडासारखा थर साचला होता तिथे तो थरच झाकण बनून बसलेला असतो, पण त्याच्याखाली हिरडी सुजत आणि सरकत असते. तो काढला की मूळ उघडं होतं, काही दिवस गार लागतं, मग बहुतेकांचं आपोआप कमी होतं. थर ठेवला तर हिरडी आणखी खाली जाते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, पेस्टने तर नाहीच, काही केसेसमध्ये ग्राफ्टचं, म्हणजे हिरडीचा तुकडा जोडायचं, छोटं ऑपरेशन करून उघडं मूळ झाकता येतं, ते तपासल्यावरच सांगता येईल.

आणि हे नीट लक्षात ठेवा, वरचं सगळं फक्त त्या दुखण्यासाठी आहे जे गार लागताना येतं आणि गार गेलं की लगेच जातं. पाणी पिऊन झाल्यावरही ठणका मिनिट-दोन मिनिटं चालूच राहतो, गरम चहाने दुखतं, रात्री झोपेतून उठवतं, किंवा चावताना एकाच दाताला चटका बसतो, तर ते वेगळं आहे. आत कीड, दाताला तडा किंवा सुजलेली नस असू शकते, आणि तिथे सेन्सिटिव्ह पेस्ट लावत महिना घालवला तर जो दात साध्या भरण्याने वाचला असता तो रूट कॅनलवर जातो. असं असेल तर पेस्टची वाट बघू नका, फोन करून तसं स्पष्ट सांगा, आम्ही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मधेच जागा करून बघतो.

बाकीच्यांनी अपॉइंटमेंटला येताना घरचा वापरलेला ब्रश पिशवीत घालून आणा, नवा घेऊन येऊ नका, आणि सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंत काय काय पिता ते आठवून या. लेप लावून घेणार असाल तर घरून जेवून या, लावल्यावर काही तास कडक आणि गरम काही चालत नाही आणि त्या रात्री ब्रशही करायचा नसतो.