स्वॉर्डफिश (सुडोकू)

सुडोकूतील स्वॉर्डफिश ही एखादा आकडा घराघरांतून खोडण्याची रीत आहे. एक्स-विंगमध्ये दोन आडव्या ओळींत एखादा आकडा त्याच दोन उभ्या रकान्यांत बसू शकतो. स्वॉर्डफिशमध्ये ओळी तीन आणि रकानेही तीन. त्या तीन ओळींत तो आकडा या तीन रकान्यांबाहेर कुठेच बसत नसेल, तर तिन्ही रकान्यांतला तो आकडा या ओळींनाच मिळणार. म्हणून त्या रकान्यांतल्या बाकीच्या घरांतून तो खोडता येतो.

नवख्याची गल्लत इथेच होते. प्रत्येक ओळीत तिन्ही जागा मोकळ्या असाव्या लागतात, असे त्याला वाटते. पण दोन जागा असल्या तरी चालते, आणि पुष्कळदा तसेच असते. समजा, ७ हा आकडा दुसऱ्या ओळीत फक्त १ल्या किंवा ५व्या रकान्यात बसतो, पाचव्या ओळीत ५व्या किंवा ८व्या, आणि नवव्या ओळीत १ल्या किंवा ८व्या. कोणत्याही दोन ओळींचा आयत जुळत नाही, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. आता सातव्या ओळीच्या १ल्या रकान्यात ७ लिहून पाहा. दुसऱ्या ओळीचा ७ ५व्या रकान्यात ढकलला जातो, नवव्या ओळीचा ८व्यात, आणि पाचव्या ओळीला दोन्ही जागा बंद होतात. म्हणजे त्या घरात ७ येऊच शकत नाही. या तीन रकान्यांतल्या इतर सर्व घरांना हेच लागू पडते.

शोधताना एकच आकडा धरावा, तो दोन किंवा तीनच जागी बसू शकणाऱ्या ओळी निवडाव्यात, आणि कोणत्या तीन ओळींचे रकाने मिळून तीनच होतात ते पाहावे. चार जागा असलेली ओळ लगेच सोडून द्यावी. ओळींत काही सापडले नाही, तर हेच रकान्यांवरून करावे. मग खोडायचे ते ओळींतून.

पेन्सिलीने लिहिलेल्या शक्यता अपुऱ्या असतील, तर ही रीत हमखास फसवते. वरच्या उदाहरणात पाचव्या ओळीत ६व्या रकान्यातही ७ बसू शकत असेल आणि तो लिहायचा राहिला असेल, तर चुकीचे आकडे खोडले जातात आणि पुष्कळ पुढे गेल्यावर एका ओळीत ७ ला जागाच उरत नाही. अशी जादा जागा खरोखरच असली, तरी सगळे वाया जात नाही. एकतर ६व्या रकान्यातला ७ खरा, नाहीतर स्वॉर्डफिश खरी. ५व्या रकान्याची चौथ्या व सहाव्या ओळीतली घरे त्या जादा जागेच्याच ३×३ चौकटीत आहेत, त्यामुळे तिथला ७ दोन्ही बाजूंनी बाद होतो. बाकीच्या घरांना मात्र हात लावू नये.

चार ओळी आणि चार रकाने घेतले, की त्याला जेलीफिश म्हणतात. त्यापुढे जाण्याची गरज पडत नाही: ओळींत पाच-पाचचा मेळ असेल, तर उरलेल्या रकान्यांत चार किंवा त्याहून लहान मेळ असतोच, आणि त्यातूनही तेच आकडे खोडले जातात.