हिमालयाने ओळंबा पुरेसा का ओढला नाही?

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीच्या छेदाचं चित्र असतं आणि त्यात कवचाखालचा थर लालभडक रंगवलेला असतो. त्यामुळे खंडं वितळलेल्या लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात, अशी समजूत मनात घट्ट बसते. खंडं तरंगतात हे खरं, पण तो समुद्र खरा नाही. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन खडकाचं आहे. भूकंपाच्या एस-लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून मात्र त्या व्यवस्थित जातात आणि पुढे द्रवरूप बाह्य गाभ्यापाशी अडतात. मग घन खडकावर घन खडक तरंगतो म्हणजे नेमकं काय होतं? या कोड्याचा एक महत्त्वाचा धागा भारतातच हाती लागला.

एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरच्या बाजूचं कलियाना ही त्यातली दोन ठाणी, एकमेकांपासून साधारण ६०० किलोमीटरवर. दोघांच्या अक्षांशांतला फरक दोन पद्धतींनी काढला गेला: एकदा जमिनीवर त्रिकोण मोजत जाऊन आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन उत्तरांत ५.२ विकलांची तफावत आली. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, त्यामुळे ही तफावत जमिनीवर सुमारे १६० मीटर भरते. इतक्या काटेकोर मोजणीत ही चूक खपणारी नव्हती.

संशय ओळंब्यावर गेला. ताऱ्यांचे वेध घेताना 'सरळ खाली' ही दिशा ओळंबाच ठरवतो, आणि हिमालयाच्या वस्तुमानाने तो किंचित उत्तरेकडे ओढला जाणार. कलियाना पर्वताच्या जवळ, म्हणून तिथे ओढ जास्त. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, जॉन हेन्री प्रॅट हे चांगले गणिती होते. त्यांनी दिसणाऱ्या पर्वतांचं आणि पलीकडच्या पठाराचं वस्तुमान धरून हिशेब केला. तफावत जवळपास १५.९ विकला यायला हवी होती. प्रत्यक्षातली त्याच्या एक तृतीयांशच! एवढा मोठा हिमालय समोर उभा असताना ओळंब्याला तो जणू पुरता जाणवतच नव्हता.

१८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी याचं उत्तर मांडलं. पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगत असतील तर जो ओंडका वर जास्त दिसतो, तोच पाण्याखालीही जास्त बुडालेला असतो. पर्वतांचंही तसंच असणार, असं ते म्हणाले. पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ आहे. त्या मुळाने खालचा जड खडक बाजूला सारलेला आहे, म्हणून तिथे वस्तुमान कमी पडतं. ही खालची तूट वर दिसणाऱ्या पर्वताची ओढ बरीचशी खाऊन टाकते.

हे मूळ किती खोल असेल, याचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि मला तो फार आवडतो. पाण्याची घनता १ मानली तर कवचाच्या खडकाची घनता साधारण २.८ धरू, प्रावरणाची ३.३. एक किलोमीटर जाडीचा कवचाचा थर जमिनीच्या वर ठेवला तर २.८ इतकं ओझं वाढतं. हे ओझं पेलायला खालून आधार हवा. मूळ एक किलोमीटर खोल गेलं की ३.३ घनतेच्या जागी २.८ घनतेचा खडक येतो, म्हणजे ०.५ चा आधार मिळतो. २.८ भागिले ०.५ बरोबर ५.६. वरच्या प्रत्येक किलोमीटरमागे खाली साडेपाच किलोमीटरहून जास्त मूळ!

आता तिबेटचं पठार घ्या. उंची सरासरी ५ किलोमीटर, म्हणून मूळ २८ किलोमीटर. समुद्रसपाटीला असलेल्या भूभागाचं कवच ३५ किलोमीटर जाड धरलं, तर तिबेटचं कवच ३५ अधिक ५ अधिक २८, म्हणजे ६८ किलोमीटर भरायला हवं. भूकंपलहरींनी मोजलेली जाडी ७० किलोमीटरच्या आसपास येते. 'पर्वतांना मुळं असतात हे आमच्या प्राचीन ग्रंथांत आधीच लिहिलंय' असे संदेश फिरत असतात, त्यांना माझा प्रश्न एवढाच: किती किलोमीटर, आणि ते तपासायचं कसं? एअरींच्या कल्पनेतून आकडा निघतो आणि तो चुकू शकतो. म्हणून ते विज्ञान आहे.

या हिशेबाला मर्यादाही आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणून तिच्याखाली तिचं स्वतःचं नऊ किलोमीटरचं मूळ लोंबत असेल असं नाही. भूपट्टाला ताठपणा असतो. एकट्यादुकट्या शिखराचं ओझं तो आजूबाजूला पसरवून पेलतो. शेकडो किलोमीटर रुंदीचं ओझं आलं की मात्र त्याला वाकावं लागतं आणि तरंगण्याचा नियम लागू होतो.

तरंगायचं तर खालच्या खडकाला बाजूला सरकता यायला हवं. प्रावरणातला तापलेला खडक घन राहूनच, स्फटिकांतल्या अणूंच्या जागा बदलत, अतिशय सावकाश वाहतो. किती सावकाश, हे उत्तर युरोपात बर्फामुळे कळलं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावर जवळपास ३ किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. बर्फाची घनता ०.९२, त्यामुळे तेवढ्या ओझ्याखाली जमीन ८०० मीटरहून अधिक दबू शकते. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी ते बर्फ संपलं. जमीन मात्र अजून वर येतेच आहे, बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळपास ९ ते १० मिलिमीटर. स्वीडनचं लुलेओ शहर १६४९ मध्ये हलवावं लागलं, कारण बंदर उथळ होत गेलं. १७३१ मध्ये अँडर्स सेल्सिअस यांनी येव्लेजवळच्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून घेतली. त्यांना वाटत होतं की समुद्रच आटतो आहे.

स्वीडनच्या 'उंच किनाऱ्या'वर जुनी समुद्ररेषा आज २८६ मीटर उंचीवर आहे. मग ८०० मीटरच्या हिशेबातलं बाकीचं गेलं कुठे? बर्फ पातळ होत असतानाच जमीन बरीच वर आली होती, पण तेव्हा ती बर्फाखाली होती. तिथे लाटा पोचल्याच नाहीत, म्हणून त्या काळाची खूणही उरली नाही. १९३५ मध्ये नॉर्मन हॅस्केल यांनी अशा जुन्या किनाऱ्यांच्या उंची आणि वयांवरून प्रावरणाचा चिकटपणा काढला: १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद. पाण्याचा चिकटपणा एका पास्कल-सेकंदाचा हजारावा भाग असतो.

जमीन वर येते म्हणून समुद्राच्या वाढीची काळजी नको, असं मात्र कुणी समजू नये. बर्फाच्या वजनाने बाजूला सारलेला खडक तेव्हा कडेच्या प्रदेशांखाली जमला होता. तो आता परत आत येतो आहे. म्हणून इंग्लंडच्या दक्षिणेला आणि अमेरिकेच्या चेसापीक उपसागराभोवती जमीन खचते आहे.

आजच्या बर्फाची मोजणीही यात अडकलेली आहे. २००२ पासून ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून अंटार्क्टिकाचं घटतं बर्फ मोजलं. पण वरचं बर्फ कमी होत असताना खालून प्रावरणाचा खडक आत येत असतो आणि उपग्रहाला फक्त दोन्हींची बेरीज दिसते. त्यामुळे खडकाचा वाटा हिशेबाने वजा करावा लागतो. प्रावरण सगळीकडे सारखं चिकट असतं तर हे सोपं होतं. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसन समुद्राच्या बाजूला जीपीएस ठाण्यावर जमीन वर्षाला ४१ मिलिमीटर वर येताना दिसली, कारण तिथला खालचा खडक फार कमी चिकट आहे. तिथे हॅस्केल यांचा आकडा वापरला तर खडकाची आवक कमी धरली जाते, आणि वितळलेलं बर्फ प्रत्यक्षापेक्षा कमी मोजलं जातं.