अल्कीनांच्या समावेशन अभिक्रिया

अल्कीनातील दुहेरी बंधाचा दुबळा घटक, म्हणजे पाय-बंध, तुटून त्याच्या दोन टोकांना दोन नवे अणू किंवा गट जोडले जातात, तेव्हा तिला समावेशन अभिक्रिया म्हणतात. ब्रोमीनसारखा सममित रेणू जोडताना कोणता अणू कोणत्या टोकाला जाईल हा प्रश्नच येत नाही. हायड्रोजन हॅलाइड असममित अल्कीनाला जोडताना मात्र दोन उत्पादिते संभवतात आणि त्यांपैकी एकच प्रामुख्याने मिळते.

मार्कोव्हनिकोव्ह नियम. रशियन रसायनज्ञ व्लादिमिर मार्कोव्हनिकोव्ह यांनी कझानमधील आपल्या 1869 च्या सुमाराच्या प्रबंधात हा नियम मांडला. जर्मन नियतकालिकातील 1870 चा लेख अधिक उद्धृत होत असल्याने काही ग्रंथ तेच वर्ष देतात. ज्या कार्बनावर हायड्रोजन कमी, त्याला हॅलोजन जोडला जातो, असे त्याचे मूळ रूप आहे. हायड्रोजन कुठे जातो ही बाजू पाठ्यपुस्तकांनी पुढे आणली. तेव्हा हाती असलेला प्रायोगिक पुरावा थोडा होता. म्हणून हा नियम बव्हंशी सुदैवी अटकळ होती, असे काही अभ्यासक म्हणतात. आयोडाइडांवरील त्या काळची निरीक्षणे पाहता हे मत जरा कठोर वाटते.

नियमामागचे कारण पुष्कळ नंतर उलगडले. आधी प्रोटॉन जोडला जातो आणि कार्बनावर धनभार येतो. तो भार जिथे अधिक स्थिर, तिथेच हॅलाइड आयन जातो. हायड्रोजनांची मोजणी हे त्याचे फक्त बाह्य लक्षण. हा भेद 3-मिथिल-1-ब्युटीनमध्ये उघड दिसतो. त्याला हायड्रोजन क्लोराइड जोडल्यास नियमाप्रमाणे 2-क्लोरो-3-मिथिलब्युटेन मिळायला हवे. प्रत्यक्षात ते निम्म्याहून कमी मिळते आणि उरलेले बहुतेक 2-क्लोरो-2-मिथिलब्युटेन असते. दुसऱ्या कार्बनावर तयार झालेल्या द्वितीयक धन आयनाकडे शेजारच्या कार्बनावरील हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह सरकतो आणि तृतीयक आयन बनतो. अर्थात क्लोरीन जिथे मिळाला तिथे मुळात दुहेरी बंध होता, असे समजणे धोक्याचे आहे.

पेरॉक्साइड परिणाम. हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत जुन्या नोंदींमध्ये एकाच अल्कीनासाठी परस्परविरोधी निष्कर्ष आढळत. 1933 मध्ये शिकागो विद्यापीठातील खराश आणि मेयो यांनी अ‍ॅलिल ब्रोमाइडवर काम करून त्याचा उलगडा केला. हवा वगळून केलेल्या मंद अभिक्रियेत 1,2-डायब्रोमोप्रोपेन मिळाले, तर हवा किंवा पेरॉक्साइड असताना अभिक्रिया झपाट्याने होऊन 1,3-डायब्रोमोप्रोपेन. हवेत राहिलेल्या अल्कीनात पेरॉक्साइडे आपोआप साचतात, त्यामुळे दोष प्रयोगकर्त्याचा नसून बाटलीचा होता. इथे ब्रोमीनचा मुक्त मूलक आधी टोकाच्या कार्बनाला जोडला जातो. हायड्रोजन क्लोराइड आणि आयोडाइड यांच्यात हा परिणाम दिसत नाही: पहिल्याचा बंध तोडणे महाग पडते, तर आयोडीन अणूचे दुहेरी बंधाशी जोडले जाणे ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचे असते.

सजलीकरण. सौम्य सल्फ्यूरिक आम्लात पाणी याच धन आयनमार्गाने जोडले जाते, म्हणून 3-मिथिल-1-ब्युटीनपासून मुख्यतः 2-मिथिल-2-ब्युटॅनॉल मिळते. हायड्रोजन सरकू द्यायचा नसेल तर मर्क्युरिक अ‍ॅसिटेट व नंतर सोडियम बोरोहायड्राइड वापरतात. त्याने 3-मिथिल-2-ब्युटॅनॉल मिळते. बोरेन जोडून मग क्षारीय हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण केल्यास हायड्रॉक्सिल गट टोकाला जातो.

ओझोनविच्छेदन. दुहेरी बंध नेमका कुठे होता याचा माग वरील अभिक्रिया पुसून टाकू शकतात. ओझोन तो जपतो. C₅H₁₀ सूत्राची तीन समघटक अल्कीने घ्या. 2-मिथिल-1-ब्युटीन आणि 2-मिथिल-2-ब्युटीन ही दोन्ही हायड्रोजन क्लोराइडशी 2-क्लोरो-2-मिथिलब्युटेनच देतात आणि 3-मिथिल-1-ब्युटीनही तेच अंशतः देते. ओझोन मात्र प्रत्येकाला वेगळे करतो. दुहेरी बंध पूर्ण तुटून दोन्ही टोकांना ऑक्सिजन येतो, त्यामुळे पहिल्यातून ब्युटॅनोन व फॉर्मल्डिहाइड, दुसऱ्यातून अ‍ॅसिटोन व अ‍ॅसिटल्डिहाइड, तिसऱ्यातून 2-मिथिलप्रोपॅनाल व फॉर्मल्डिहाइड मिळते. तुकडे पुन्हा ऑक्सिजनच्या जागी जोडले की मूळ अल्कीन कागदावर उभे राहते. मात्र सिस् की ट्रान्स, हे त्यावरून कळत नाही.

अभिक्रिया बहुधा −78 °से.ला डायक्लोरोमिथेनमध्ये करतात. द्रावणाला निळसर छटा आली की अल्कीन संपून ओझोन उरू लागला असे समजते. मग जस्त व अ‍ॅसिटिक आम्ल किंवा डायमिथिल सल्फाइड टाकून क्षपण करतात. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यास अल्डिहाइडांची कार्बॉक्झिलिक आम्ले होतात. कीटोने तशीच राहतात. मधली ओझोनाइडे स्फोटक असल्याने क्षपणाआधी द्रावक उडवून सुकवणे टाळतात, आणि पेरॉक्साइड उरले नसल्याची खात्री स्टार्च-आयोडाइड कागदाने करतात: तो निळा पडला तर क्षपण अपुरे.