चहाच्या गाड्याचा फोटो: आम्ही येण्याआधी एवढे वाचा

‘कुल्हडातून वाफ निघतेय, संध्याकाळचे ऊन पडलेय, असा फोटो हवा,’ म्हणून आमच्याकडे येणारे बरेचजण आम्ही पोचण्याआधीच गाडा सजवून ठेवतात. मागे कोरा करकरीत पांढरा फ्लेक्स, पुढे झगझगीत एलईडी ट्यूब. मग ते सगळे उतरवण्यातच ऊन निघून जाते.

वाफ म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. उजेड मागून तिरपा आला की ते थेंब उजळतात, आणि त्यांच्या पाठीमागे काहीतरी काळपट असेल तरच उठून दिसतात. पांढऱ्या फ्लेक्सपुढे उकळता चहा ओतला तरी फोटोत तो गारच दिसणार.

फोंड्याकडचा एक गाडा पश्चिमेला तोंड करून होता. ऊन थेट समोरून येई, त्यामुळे रस्त्यावरून काढलेल्या फोटोत वाफेचा पत्ताच नव्हता. आम्ही कॅमेरा घेऊन गाड्याच्या आत गेलो. कुल्हड फळीच्या बाहेरच्या कडेवर ठेवला, सूर्य त्याच्या मागे पण किंचित बाजूला घेतला आणि रस्त्यापलीकडच्या आंब्याचा सावलीतला बुंधा बरोबर कपाच्या मागे आणला. वाफ लगेच दिसली. गाडा तोच, चहाही तोच.

कुल्हड आदल्या दिवशी आणून ठेवा. नवा, कोरडा कुल्हड पाणी शोषतो, त्यामुळे कडेपर्यंत भरलेला चहा बघता बघता खाली बसतो. थोडा वेळ पाण्यात बुडवून, निथळून घेतला की हे टळते. चहा आधी गाळून किटलीत भरून ठेवू नका. पातेले शेगडीवर उकळत राहू द्या. ओतल्यावर दाट वाफ फार तर मिनिट-दोन मिनिटे टिकते, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा ओतायला सांगतो. त्यासाठी जास्तीचे दूध आणून ठेवा. समुद्राकडून वारा सुटला असेल तर वाऱ्याच्या बाजूला एक फळी उभी करतो. ती फोटोत येत नाही.

‘वाफ कॉम्प्युटरवर घाला की,’ असेही कोणी कोणी म्हणतात. आम्ही घालत नाही. अगरबत्तीचा धूरही नाही. तो निळसर दिसतो आणि वर दोरीसारखा लांबतो. रोज चहा पिणाऱ्याला हे चटकन कळते. ओली फळी, चहाने रंगलेली गाळणी पुसून लपवू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही उठवू नका. त्यांना विचारूनच आम्ही फोटो घेतो.

सूर्यास्ताच्या तासभर आधी येतो आणि आधी नुसते बघत बसतो, त्याला रिकामा वेळ समजू नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. ढगांनी घात केला तर गाड्यातला पिवळा बल्ब कपाच्या मागे घेऊन काम होते, तेव्हा तो काढून ट्यूब लावू नका. फोन करताना गाड्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगा. वेळ त्यावरून ठरवतो.